सावत्र वडिलांनी 'वडील' म्हणून सही केलेला अज्ञान मुलीचा खाते-अर्ज

प्रश्न: मी बँकेच्या खाते उघडणी कक्षात तपासणीला नवीन आहे. एक फाईल आली आहे. मुलीची जन्मतारीख 14 सप्टेंबर 2009, अर्ज 3 फेब्रुवारी 2026 चा, बचत खातं आणि सोबत दोन वर्षांची मुदत ठेव. पालक म्हणून 'वडील' यांची सही. त्यांचं आधार, पॅन बरोबर आहे, मुलीच्या आधारवर त्यांचंच नाव 'केअर ऑफ' म्हणून आहे, शाळेच्या ओळखपत्रावरही तेच. पण जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं आहे. शाखा म्हणते, आईचं दुसरं लग्न झालंय, सगळं खरं आहे, पास करा. करू का?

उत्तर:

नका करू. शाखा खरं सांगत असेल, तरीही नको. किंबहुना खरं आहे म्हणूनच नको, कारण मग सही करणारे गृहस्थ सावत्र वडील ठरतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 खाली स्पष्टीकरण दिलं आहे की 'पिता' आणि 'माता' या शब्दांत सावत्र पिता व सावत्र माता येत नाहीत. ते घर चालवत असतील, फी भरत असतील, मुलगी त्यांना बाबा म्हणत असेल. तरी नैसर्गिक पालक म्हणून तिच्या पैशांवर सही करायचा हक्क त्यातून येत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. पण इतरांमध्येही सावत्र वडील आपोआप पालक होत नाहीत.

तुम्ही अडलात ते दोन कागदांमुळे, म्हणून आधी तेच. आधारवरचं 'केअर ऑफ' हा पत्त्याचा भाग आहे. पत्र कोणाच्या घरी पोचवायचं एवढंच त्यातून कळतं. नातं सिद्ध होत नाही. शाळेच्या ओळखपत्रावर पालकांनी प्रवेशाच्या वेळी सांगितलेलं नाव येतं. म्हणजे दोन्ही कागद एकाच माणसाच्या सांगण्यावर उभे आहेत, आणि असे दोन कागद जुळले तरी पुरावा एकच राहतो. जन्मदाखला मात्र जन्माच्या वेळच्या नोंदीतून आलेला आहे. नात्यासाठी आणि जन्मतारखेसाठी तोच धरा. फक्त दाखल्यावर दोन तारखा असतात, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. दाखला कालचा असला तरी हरकत नाही, नोंदणीची तारीख जन्माच्या जवळची आहे का ते पाहा. नोंद खूप उशिरा झालेली असेल तर दाखला खोटा ठरत नाही, पण मग शाळेच्या दाखल्याशी तारीख ताडून बघावी.

सावत्र वडील दोनच मार्गांनी पालक होऊ शकतात. एक, त्यांनी मुलीला रीतसर दत्तक घेतलं असेल. मग ते सावत्र राहतच नाहीत, दत्तकाचा आदेश किंवा नोंदणीकृत दत्तकपत्र फाईलला लागेल. दोन, न्यायालयाने त्यांना पालक नेमलं असेल. पालक व पाल्य अधिनियम, 1890 खालचा असा आदेश आला तर शेवटचा परिच्छेद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. न्यायालय व्यक्तीचा पालक वेगळा आणि मालमत्तेचा पालक वेगळा नेमू शकतं. फक्त ताबा दिलेला, म्हणजे मूल कोणाकडे राहील एवढंच ठरवणारा आदेश खात्यासाठी पुरत नाही. तुमच्या फाईलमध्ये यातलं काहीच नाही. शाखेलाही ते मागावं लागणार नाही, कारण सोपा रस्ता समोर आहे: आई.

इथे शाखेकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, 'मग वडिलांचा मृत्यूचा दाखला घ्यायचा का?' आईला पालक करायला त्याची गरज नाही. हा वाद फार जुना आहे. 1984 मध्ये एका आईने मुलाच्या नावावर रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही करून अर्ज केला, आणि वडिलांची सही आणा म्हणून तो परत आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1999 मध्ये निकाल लागला की कायद्यातल्या 'पित्यानंतर माता' याचा अर्थ 'पित्याच्या मृत्यूनंतरच' असा नाही. पित्याच्या अनुपस्थितीत, म्हणजे तो मुलाचं बघत नसेल तरीही, आई पालक असते. बँक खात्यांपुरती तर रिझर्व्ह बँकेने आईला पालक म्हणून 1976 च्या परिपत्रकातच मुभा दिली होती. 21 एप्रिल 2025 च्या परिपत्रकातही ती कायम आहे, आणि तिथे धर्माचा भेद नाही. पुनर्विवाह केला म्हणून आईचं पालकत्व जातही नाही. हे सांगतो कारण 'दुसरं लग्न झालंय, आता आई कशी चालेल' असा शेरा मी एका फाईलवर स्वतः वाचला आहे.

आता खरं काम. आईला पालक घेतलं की नावाची साखळी जुळवावी लागते. जन्मदाखल्यावर आईचं नाव पहिल्या नवऱ्याच्या नावा-आडनावासह असेल. तिचं आजचं आधार आणि पॅन दुसऱ्या नवऱ्याच्या नावाने असेल. स्वतःचं पहिलं नाव तेवढं दोन्हीकडे सारखं, आणि ते एकटं काही सिद्ध करत नाही. मध्ये पूल लागतो, तो म्हणजे दुसऱ्या विवाहाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. केवायसीच्या नियमांत नाव बदलल्यावर चालणारे दोनच कागद दिले आहेत: राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र, किंवा राजपत्रातली नावबदलाची अधिसूचना. नोटरीचं प्रतिज्ञापत्र या यादीत नाही. ते सोबत जोडलं तर जोडू द्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

प्रमाणपत्र आलं म्हणजे झालं असंही नाही. त्यावर वधूचं नाव काय आहे ते वाचा. पहिल्या सासरचं नाव असेल तर साखळी पुरी झाली: जन्मदाखल्यावरची आई तीच, आधारवरची बाई तीच. पण बऱ्याचदा पहिला संसार संपल्यावर बाई माहेरच्या नावावर परत येते आणि प्रमाणपत्रावर माहेरचं नाव छापलं जातं. मग जन्मदाखला एका नावावर, प्रमाणपत्र दुसऱ्या आणि आधार तिसऱ्या. अशा वेळी पहिल्या विवाहाचं प्रमाणपत्र मागा. त्यावर माहेरचं नाव सापडेल आणि तुटलेला दुवा जोडला जाईल. तेही नसेल तर राजपत्र. मी कागदावर तीन नावं एकाखाली एक लिहितो आणि दोन नावांच्या मध्ये जोडणाऱ्या कागदाचं नाव लिहितो. जिथे मधली जागा कोरी राहते, तिथेच शेरा द्यायचा. एवढं केलं की शाखेशी फोनवर हुज्जत घालावी लागत नाही. प्रत्येक छायाप्रतीवर 'मूळ प्रत पाहिली' असा शेरा, सही, कर्मचारी क्रमांक आणि तारीख आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

व्यवहाराच्या सूचनेत फारसं अवघड काही नाही, पण एक चूक या वयाच्या फाईलमध्ये नेहमी सापडते. मुलगी सोळा वर्षांची आहे. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतः खातं उघडून चालवू शकतं, बँक आपल्या धोरणानुसार ठरवेल त्या मर्यादेत. त्यामुळे अर्जात 'पालकामार्फत' आणि 'स्वतः' अशा दोन्ही चौकोनांत खूण केलेली असते. एकच ठेवायला लावा. पालकामार्फत असेल तर नमुना सही आईची, मुलीची नाही. स्वतः असेल तर मर्यादा प्रणालीत बसवलेली हवी. दोन्हींत खातं कधीही उणे जाता कामा नये, कारण भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार अज्ञान व्यक्ती करारच करू शकत नाही. तिला दिलेली उचल वसूल करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. नामनिर्देशनही मुलीच्या वतीने आईच्या सहीने हवं. सावत्र वडिलांची सही तिथे राहून गेली तर ते नामनिर्देशन पुढे वादात सापडेल. त्यांना पैसे भरायचे असतील तर खुशाल भरू देत. धनादेश त्यांच्या खात्यावरचा चालतो.

सज्ञानतेचं कलम मात्र नीट वाचा, कारण तुमची ठेव नेमकी त्या तारखेवरून पुढे जाते. भारतीय सज्ञानता अधिनियम, 1875 प्रमाणे जन्माचा दिवस पूर्ण धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाच्या आरंभालाच व्यक्ती सज्ञान होते. म्हणजे ही मुलगी 14 सप्टेंबर 2027 सुरू होतानाच सज्ञान. आईची सही 13 सप्टेंबरपर्यंत चालेल, 14 ला नाही. ठेव मुदत पुरी करेल 3 फेब्रुवारी 2028 ला, म्हणजे जवळपास पाच महिने उलटल्यावर. तेव्हा ती रक्कम मुलीच्या सहीनेच निघेल. आईला हे आजच सांगून अर्जावर तशी नोंद घ्या, आणि ठेवीची रक्कम मुलीच्याच खात्यात जमा होईल अशी सूचना आहे का बघा. अशा ठेवींत व्याज किंवा मुद्दल पालकाच्या खात्याकडे वळवलेलं मी अनेकदा पाहिलंय.

कधीकधी जुना छापील अर्ज येतो, ज्यात 'न्यायालयाने पालक नेमला असल्यास 21 वर्षे' असं असतं. 1999 च्या दुरुस्तीनंतर तो फरक गेला, सगळ्यांना 18. आणि 'बँकेस लेखी कळवेपर्यंत पालकाचे अधिकार चालू राहतील' असं वाक्य कुठे दिसलं तर ते मान्य करू नका. पालकाचा अधिकार तारखेने संपतो, कळवण्याने नाही.

शेवटी प्रणालीतली जन्मतारीख दाखल्याशी स्वतः ताडा. मी पूर्वी जिथे होतो तिथे एका खात्यात जन्मवर्ष एकाने पुढचं टंकलं गेलं होतं. प्रणालीच्या लेखी मुलगा वर्षभर जास्त अज्ञान राहिला आणि त्या वर्षात वडील पैसे काढत होते. मुलाने विचारणा केली तेव्हा कागद सगळे बरोबर होते, चूक एका अंकाची होती, आणि तपासणाऱ्याची सही माझी होती. सज्ञान होताच नवा फोटो, मुलीची नमुना सही, तिची केवायसी, व्यवहाराची नवी सूचना आणि शिलकेची तिच्याकडून खातरजमा लागते. प्रणाली ते त्या तारखेलाच मागते, म्हणून तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं.

फाईल परत पाठवताना असा शेरा द्या: 'जन्मदाखल्यानुसार सही करणारे जन्मदाते पिता नाहीत, दत्तक वा न्यायालयीन नेमणुकीचा कागद जोडलेला नाही. आईस पालक घेऊन नवा अर्ज, आईची केवायसी, जन्मदाखल्यावरील नाव ते सध्याचे नाव जोडणारे विवाह प्रमाणपत्र, आणि आईच्या सहीने नामनिर्देशन सादर करावे. सज्ञानता दि. 14/09/2027, मुदत ठेव त्यानंतर परिपक्व, नोंद घ्यावी.'