पुस्तिकेतल्या पोस्टरचा संदर्भ

मित्रा, परिषदेच्या सारांशपुस्तिकेतल्या पोस्टरचा संदर्भ कसा द्यायचा, असं विचारलंस ना? आधी पुस्तिकेचं मुखपृष्ठ, मागचं पान आणि त्या पोस्टरचा सारांश असलेलं पान, तिन्हींचे फोटो काढून ठेव. ही पुस्तिका पुन्हा हाती लागत नाही.

समज, कोल्हापुरातल्या परिषदेत गुळाच्या साठवणुकीतल्या बुरशीवरचं पोस्टर आहे, सारांश पान ४७ वर, क्रमांक पी-१२. एपीए पद्धतीत संदर्भसूचीतली नोंद साधारण अशी होते:

लेखक. (वर्ष, महिना, दिवस). गुळाच्या साठवणुकीतील बुरशी [पोस्टर सारांश]. परिषदेचं नाव, कोल्हापूर. सारांशपुस्तिका, पी-१२, पृ. ४७.

नवखे हमखास चुकतात ते चौकोनी कंसात. तो गाळला की वाचक पूर्ण शोधनिबंध शोधत बसतो, आणि असतो फक्त अर्ध्या पानाचा मजकूर. तू पोस्टर स्वतः पाहिलं नसशील, तर पुस्तिकेत आहे तेवढंच लिही. पोस्टरवरचे आकडे सारांशापेक्षा वेगळे निघू शकतात, कारण सारांश आधी पाठवलेला असतो. पुस्तिकेच्या संपादकाला लेखक समजू नकोस, हेही बरेच जण करतात.

आणि हो, शीर्षक आणि लेखकाचं नाव गूगल स्कॉलरवर टाकून बघ. तेच काम पुढे नियतकालिकात आलं असेल तर त्याचाच संदर्भ दे. डीओआय असेल तर तो नोंदीच्या शेवटी येतो; नसेल तर ती जागा रिकामी सोड, परिषदेच्या संकेतस्थळाच्या मुख्य पानाचा पत्ता तिथे चिकटवू नकोस.