दुबईत व्याजावरची करबचत किती धरावी?

"दादा, पुण्यातलं पॅकेजिंगचं काम दुबईत नवी कंपनी काढून सुरू करायचं म्हणतोय. यंत्र १० लाख दिरहमचं. त्यातले ६ लाख बँकेचे, ८ टक्क्यांनी, पाच वर्षांत समान मुद्दल फेडायचं. खर्च वजा जाता वर्षाला २,७२,००० हाती राहतील. व्याजावर २५ टक्के करबचत धरली तर प्रकल्प फायद्यात दिसतो. येऊ का?"

आधी कर्ज पूर्ण बाजूला ठेवा आणि सगळे पैसे तुमच्याच खिशातले समजा. या धंद्यातली जोखीम पाहता मी १२ टक्के परतावा मागेन. त्या दराने पाच वर्षांच्या रकमांचं आजचं मूल्य ९,८०,५०० च्या आसपास येतं. म्हणजे यंत्र स्वतःच्या जोरावर १९,५०० दिरहम तोट्यात आहे. स्वस्त कर्ज मिळतंय म्हणून हे १२ टक्के खाली आणू नका; तसं केलंत तर कर्जाचा फायदा दोनदा मोजला जाईल.

आता कर्जामुळे पडणारा फरक वेगळा मांडू. आधी कर्जाशिवायचं मूल्य काढायचं आणि कर्जाचा परिणाम त्यात वेगळा मिळवायचा, हीच एपीव्ही म्हणजे समायोजित वर्तमान मूल्याची पद्धत, आणि कर्ज दरवर्षी घटत असताना ती सोयीची पडते. व्याज पहिल्या वर्षी ४८,०००, मग ३८,४००, असं उतरत पाचव्या वर्षी ९,६००. त्यावर २५ टक्के कर वाचला, तर ८ टक्क्यांनी त्याचं आजचं मूल्य ३०,२०० होतं आणि तुमची बेरीज १०,७०० ने फायद्यात जाते. पण २५ टक्के हा भारतातला हिशेब झाला. अमिरातीत कंपनी कर ९ टक्के, तोही वर्षाच्या ३,७५,००० दिरहम करपात्र नफ्याच्या वर. तुमच्या २,७२,००० मधून घसारा गेला की नफा त्या रेषेच्या कितीतरी खाली राहतो. जो कर भरायचाच नाही, तो व्याजामुळे वाचणार कसा? करबचत शून्य आणि प्रकल्प पुन्हा १९,५०० तोट्यात. नफा ती रेषा ओलांडत असता, तरी ९ टक्क्यांनी जेमतेम १०,९०० हाती आले असते. तोटा तरीही भरून निघाला नसता.

म्हणून बँकेच्या या कर्जावर येऊ नका, असंच मी सांगेन.

एक वाट मात्र पाहण्यासारखी आहे. यंत्र विकणाऱ्यालाच विचारा, हेच ६ लाख तो ४ टक्क्यांनी, तशाच हप्त्यांत देईल का. बाजारात ८ टक्के मोजावे लागत असताना दरवर्षी निम्मं व्याज वाचतं आणि त्याचं आजचं मूल्य ६०,४०० भरतं. याला कराशी काही देणंघेणं नाही. प्रकल्प ४०,९०० ने फायद्यात येतो. फक्त सही करण्याआधी रोखीचा भाव लेखी मागवा. रोखीत तेच यंत्र ९,४०,००० ला मिळत असेल, तर स्वस्त व्याजाची सगळी सवलत त्याने किमतीत आधीच वसूल केलेली आहे. तेव्हा पहिल्या आकड्यातही १० लाखांऐवजी तोच रोखीचा भाव घाला आणि कर्जाशिवायचा हिशेब नव्याने करा. त्या भावाला यंत्र स्वतःच ४०,५०० ने फायद्यात आहे.