गाडीच्या फोटोखाली काय लिहायचं

"आई, गाडी तू आणि बाबांनी पैसे साठवून घेतली ना? मग 'आजी-आप्पांच्या आशीर्वादाने' कशाला लिहायचं? आपल्या लोकांना मी केलं म्हणायची भीती वाटते का? आणि लिंबाचं प्लीज लिहू नकोस."

सई, काल तुला पटकन "असंच असतं गं" म्हणाले आणि मग रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं. भीती हा शब्द जरा लागलाच.

आप्पांची चेतक तू फक्त फोटोत बघितलीयस. १९८४ साली आली. तेव्हा बजाजची स्कूटर नंबर लावून कित्येक वर्षांनी मिळायची, त्यामुळे ती आली तेव्हा मी शाळेत जायला लागले होते, नंबर लावला तेव्हा तर आईच्या पोटातही नव्हते. सांगलीच्या गणपतीसमोर फोटो काढला, मी पुढे उभी, मधे आप्पा, मग सुहासमामा, आणि मागे आजी एका बाजूला पाय सोडून, एक हात स्टेपनीवर. त्या फोटोच्या मागे आप्पांनी पेनने लिहिलंय, "श्रीकृपेने स्कूटर आली. पेढे १ किलो. दामूकडचे २,००० दिवाळीपर्यंत."

मला वाटतं याच्याहून चांगलं कॅप्शन मी तरी वाचलेलं नाही. म्हणजे बघ, श्रींची कृपा आहेच, पण लगेच खाली दामूमामाचे दोन हजारही आहेत. आशीर्वाद म्हणजे नुसता डोक्यावरचा हात नव्हता गं, त्यात उसने पैसे होते, आजीच्या मोडलेल्या पाटल्या होत्या. ते सगळं जाहीर लिहिता येत नाही म्हणून "कृपेने". आणि हो, थोडी नजर लागायची भीती पण असतेच, तुझं अगदीच चूक नाही.

अजून एक गंमत, आप्पांनी "स्कूटर घेतली" नाही लिहिलं, "आली" लिहिलं. घेतली म्हटलं की कुणी घेतली, कितीला घेतली हे मागोमाग येतं. आली म्हटलं की सून आली, पाऊस आला तसं वाटतं, घरातल्या सगळ्यांची होते. म्हणून मी बाबांचं "फायनली घेतलीच!" खोडलं. "पहिली गाडी" पण नको, त्यात दुसरी येणार असा वास येतो. आणि मोठेपणा करून उपयोग काय, नंबरप्लेट फोटोत दिसतेय, इथे नेदरलँड्समध्ये कुणीही तो पिवळ्या पाटीवरचा नंबर आरडीडब्ल्यूच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या साइटवर टाकला की गाडी किती सालची ते दिसतं. आपलं नाव दिसत नाही एवढंच. तेव्हा पाच वर्षं जुनी आहे हे आपणच सांगून टाकू :)

तर मी हे लिहिलंय, बघ कुठलं चालतंय.

"जगासाठी पाच वर्षं जुनी, आमच्यासाठी कालची."

"चार चाकं आली. एक आमचं, तीन बँकेची." (बाबांना हे आवडलंय, पण आजीला हप्त्याची काळजी लागेल म्हणून मी जरा मागे.)

"सात वर्षं आइंडहोवनच्या पावसात सायकल दामटली. आता वायपर कसा लावायचा ते शोधतोय." हे अगदी खरंय, पहिल्या दिवशी मी इंडिकेटरच लावत बसले होते.

"गाडी आली. पेढे घरी आहेत, या." छोटं आहे, पण हे लिहिलं तर पेढे खरंच करावे लागतील, आणि लोक खरंच येतील.

आणि हे आप्पांसाठी, "आप्पा, पुढची सीट तुमची. या वेळी कुणाला उभं राहायला लागणार नाही." यात आशीर्वाद शब्द नाही, बघ तुला चालतंय का. मला लिहितानाच भरून आलं, म्हणून कदाचित सगळ्यांसाठी हे नको, फक्त फॅमिली ग्रुपवर टाकू. तुला नको असेल तर तेही राहू दे, जबरदस्ती नाही.

लिंबाचं लिहीत नाही, प्रॉमिस. पण तो शोरूमवाला दादा खाली वाकून बघत होता तेव्हा तू लांब जाऊन उभी राहिलीस ते मी बघितलं. मी पण लहानपणी आजीने चेतकवरून नारळ ओवाळला तेव्हा मैत्रिणी बघतायत का ते बघत होते. मला स्वतःला लिंबावर विश्वास आहे का, विचारलंस तर सांगता येणार नाही. ठेवलं नसतं तर हायवेवर हात थरथरले असते एवढं माहितीय. बाय द वे, त्या लिंबावरचा सुपरमार्केटचा स्टिकर काढायचा राहिला, तो टायरला चिकटून घरापर्यंत आलाय. डावीकडचं मागचं चाक, जाऊन बघ.

सहाच्या आत सांग कुठलं ते, म्हणजे तिकडे साडेनऊ, आप्पा झोपतात.

आई