साप्ताहिक मीटिंग म्हणजे नुसतं अपडेट-वाचन

प्रश्न: दर सोमवारी आठ जणांची तासभर मीटिंग. प्रत्येक जण आपापलं अपडेट वाचतो, बाकीचे मोबाईल बघतात. अजेंडा असतो, मिनिट्सही निघतात. चुकतंय कुठे?

उत्तर: आधी मागच्या मिनिट्स उघडून बघा. त्यात परचेस, प्रॉडक्शन, क्वालिटी अशी खातेवार मांडणी असेल, तर मूळ तिथंच आहे. बहुतेक ठिकाणी मागच्या मिनिट्स कॉपी करूनच पुढचा अजेंडा बनतो. खात्यांची नावं दिसली की क्रमाने हजेरी लागणारच.

अजेंड्यावर खात्याचं नाव नको, प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, 'पॅकिंग मटेरियल – अपडेट' ऐवजी असं: 'बॉक्सचा सप्लायर १० दिवस उशीर करतोय. दुसऱ्याकडून ५,००० बॉक्स नगामागे २ रुपये जास्त देऊन घ्यायचे का? निर्णय प्लांट हेडचा. १५ मिनिटं.' आता क्वालिटीवाल्याला आधीच कळतं की नव्या बॉक्सची टेस्ट लागेल, आणि १०,००० रुपयांचा आकडा सगळ्यांसमोर असतो. तासाभरात असे तीन प्रश्न पुरेत, चौथा घुसवला की तिसरा अर्धवट राहतो. शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकही प्रश्न आला नाही, तर सोमवारची मीटिंग सरळ रद्द करा.

मग अपडेटचं काय? ते शेअर्ड शीटमध्ये, मीटिंगच्या आधी. प्रत्येक कामाला एक ओळ: ठरलेली तारीख, आताची अंदाजे तारीख, अडलंय ते कशामुळे. 'चालू आहे' हा शेरा चालवून घेऊ नका, त्यातून काहीच कळत नाही. मीटिंगची पहिली ५ मिनिटं सगळ्यांनी शीट गुपचूप वाचायची. शीट आधी न वाचताच मीटिंगला येणारे असतातच, त्यांच्यावर चिडण्यापेक्षा हे सोपं. ही पद्धत मोडतात ते बहुधा साहेबच. शीट समोर असताना त्यांनी एकदा 'हां, तुमचं काय चाललंय?' विचारलं की पुढच्या आठवड्यात शीट कोणी भरत नाही. हे त्यांच्याशी आधीच, एकटं गाठून बोला.

मिनिट्स मीटिंग चालू असतानाच स्क्रीनवर लिहा. कोण काय म्हणालं ते सोडा. वरच्या प्रश्नाची नोंद एवढीच:

ठरलं: ५,००० बॉक्स दुसऱ्या सप्लायरकडून, या एका ऑर्डरपुरते.
नाकारलं: जुन्याची वाट बघणं, कारण स्टॉक ६ दिवसांचाच आहे.
कोण, कधी: पीओ परचेसकडून मंगळवार दुपारपर्यंत, ड्रॉप टेस्ट क्वालिटीकडून, पहिला लॉट आल्याच्या दिवशी.

'नाकारलं' ही ओळ लोक गाळतात, आणि तीन आठवड्यांनी तोच वाद पुन्हा रंगतो. 'कोण'समोर एका कामाला एकच नाव हवं. 'परचेस आणि स्टोअर्स' लिहिलंत तर दोघंही एकमेकांची वाट बघतात.

जुनी कामं पुढच्या मीटिंगमध्ये एकेक करून वाचू नका. तारीख उलटलेलीच घ्या, तीही प्रश्न करून: तारीख बदलायची, माणूस बदलायचा, की काम सोडून द्यायचं?

मशीन ब्रेकडाऊनसारख्या रोज बदलणाऱ्या गोष्टी मात्र या साच्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी सकाळी लाइनवरच उभ्याउभ्या १० मिनिटं वेगळी ठेवा.