नळी रुंद झालीय की फुप्फुस फुगलंय? बिडी ओढणाऱ्याच्या एचआरसीटीत दोन्ही दिसलं तर

प्रश्न: बाबा ६२ वर्षांचे, चाळीस वर्षं बिडी. एचआरसीटीच्या रिपोर्टमध्ये ब्राँकिएक्टॅसिस पण लिहिलंय आणि एम्फिसेमा पण. दोन्ही एकच का? आणि दोन्ही बिडीमुळेच झालं का?

उत्तर:

एकच नाही. एम्फिसेमा बिडीचा धरून चाला, पण ब्राँकिएक्टॅसिस सगळं बिडीच्या नावावर ढकलू नका, त्यामागे बऱ्याचदा दुसरं काहीतरी असतं आणि ते कुणी विचारतच नाही. मी सीटीचे रिपोर्टिंग करतो, रोज अशा फुप्फुसांच्या शंभरएक चकत्या डोळ्याखालून जातात, म्हणून मला जसं दिसतं तसं सांगतो.

श्वासनळीला फाटे फुटत फुटत वीस-बावीस वेळा विभागणी होते आणि शेवटी बारीक हवेच्या पिशव्या येतात. ब्राँकिएक्टॅसिस म्हणजे मधल्या नळ्या कायमच्या रुंद होणं. एम्फिसेमा म्हणजे टोकाच्या पिशव्यांमधल्या भिंतीच नाहीशा होणं, चार खोल्यांच्या मधल्या भिंती पाडून एक हॉल केल्यासारखं. स्कॅनवर दोन्ही काळंच दिसतं कारण दोन्हीत हवा आहे, म्हणून घोळ होतो.

मी आधी भिंत बघतो. काळ्या भोकाला पांढरी कड आहे का? एम्फिसेमाच्या भोकांना नसते. कसर लागलेल्या शालीसारखी, वरच्या भागात जास्त, बिनकाठाची बारीक भोकं, आणि नीट बघितलं तर कधीकधी भोकाच्या मधोमध एक पांढरा ठिपका, तो रक्तवाहिनीचा. बिडी-सिगरेटवाल्यांचं हे ठरलेलं चित्र आहे. ब्राँकिएक्टॅसिसच्या भोकाला जाड भिंत असते आणि शेजारी तिची जोडीदार रक्तवाहिनी चिकटलेली असते. आडव्या कापात ते अगदी खड्याच्या अंगठीसारखं दिसतं, रुंद नळी म्हणजे वळं आणि वाहिनी म्हणजे खडा. निरोगी माणसात दोघांची जाडी साधारण सारखी, किंवा नळी किंचित बारीक.

आणि बिडी ओढणाऱ्यात गोची इथेच आहे. एम्फिसेमात पिशव्यांबरोबर त्या भागातल्या रक्तवाहिन्याही बारीक होतात, म्हणजे नळी आहे तेवढीच, पण खडा लहान झाला, आणि मोजलं की नळी मोठी निघते. वय झालं की असंही नळीचं माप वाहिनीच्या थोडं पुढे जातं. आकडा बघून कुणी घाईत ब्राँकिएक्टॅसिस लिहून टाकतं, आणि तो शब्द एकदा फाइलीत आला की जन्मभर फिरतो.

एक केस सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. साठीचे गृहस्थ, दिवसाला बिडीचा एक बंडल, बाहेरचा जुना रिपोर्ट घेऊन आलेले ज्यात दोन्ही बाजूंना ब्राँकिएक्टॅसिस असं लिहिलेलं. मी १ मिलिमीटरच्या बारीक चकत्या लावल्या. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात ती कसर होतीच. खाली डावीकडे नळी ४ मिलिमीटर, शेजारची वाहिनी ३.२, म्हणजे सव्वापट. ऐकायला खरं वाटतं. पण भिंत पातळ होती, आणि मी ती नळी चकतीमागून चकती खाली नेली तर ती झाडाच्या फांदीसारखी छान निमुळती होत गेली. उजवीकडे खालीही तेच. मी ते लिहिलं नाही.

उजव्या वरच्या भागात मात्र वेगळंच होतं. तिथे नळी ७, वाहिनी ४, पावणेदोन पट. भिंत जाड, खाली नेलं तरी दोन सेंटिमीटरपर्यंत बारीक होत नाही, आणि छातीच्या भिंतीपासून एक सेंटिमीटरच्या आतसुद्धा दिसते, जिथे निरोगी नळी इतकी बारीक असते की स्कॅनवर दिसायलाच नको. आजूबाजूला ओढाताण झालेले पांढरे दोर आणि चुन्याचे दोन ठिपके. ही जुन्या टीबीची सही असते. बायकोला विचारलं, ती म्हणाली, हो, १९९८ च्या सुमाराला सरकारी दवाखान्यातून सहा-आठ महिने गोळ्या घेतल्या होत्या. ते स्वतः म्हणाले, "तो तर बरा झाला होता की!" टीबी बरा झाला पण व्रण राहिला, आणि व्रण आकसताना नळीला बाहेरून ओढून रुंद करून गेला. आपल्याकडे हे फार होतं, आणि वरच्या भागातच जास्त. लहानपणीचा न्यूमोनिया किंवा डांग्या खोकला, दम्यातली बुरशीची ॲलर्जी, ही बाकीची कारणं.

आता फुगलेलं फुप्फुस. पिशव्यांच्या भिंती गेल्या की फुप्फुसाचं इलॅस्टिक जातं, जुन्या पायजम्यासारखं. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात, हवा आत अडकते आणि पुढचा श्वास त्या अडकलेल्या हवेवरच बसतो. म्हणून छातीचा पडदा घुमटासारखा राहत नाही, सपाट होतो, आणि सपाट पडद्याला खाली ओढायला जागाच नसल्यामुळे जिना चढताना धाप लागते. फुगलंय एवढ्यावरून एम्फिसेमा ठरत नाही हं, दम्याच्या अटॅकमध्येही फुप्फुस फुगतं. एम्फिसेमा म्हणायला ती बिनकाठाची भोकं दिसायला हवीत.

घरी फरक कळतो का? थोडाफार. त्या गृहस्थांना धाप होतीच, पण रोज सकाळी अर्धा कप पिवळा बेडका पडायचा, वर्षात तीन-चारदा ताप येऊन अँटिबायोटिक. धाप एम्फिसेमाची, बेडका त्या रुंद नळीचा, कारण तिची आतली झाडलोट बंद पडलेली असते आणि कफ साचून सडतो. नुसत्या एम्फिसेमात इतका कफ सहसा नसतो, पण बिडीवाल्याला जुना ब्राँकायटिसही असतो, त्यामुळे फक्त बेडक्यावरून ठरवू नका.

उपचारात याचा फरक पडतो म्हणून एवढं लिहिलं. एम्फिसेमाला नळ्या उघडणारे पंप आणि व्यायाम, आणि बिडी बंद केली तर गेलेल्या भिंती परत येत नाहीत पण पुढची पडझड मंदावते. ब्राँकिएक्टॅसिसला मुख्य काम कफ रोज बाहेर काढायचं, फिजिओथेरपिस्ट श्वासाची पद्धत शिकवतात, आणि बेडक्याची कल्चर तपासणी, म्हणजे कोणता जंतू आहे ते बघूनच औषध. स्टेरॉइडचा पंप दोघांनाही सरसकट चालतो असं नाही, नळ्यांत जंतू असताना त्याने न्यूमोनियाचा धोका वाढू शकतो, तेव्हा चालू असेल तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना विचारा.

तुम्ही काय करा: छातीच्या डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, स्कॅनची सीडी न्या. रिपोर्टमध्ये ब्राँकिएक्टॅसिस कोणत्या भागात आहे ते वाचा, आणि शेजारी व्रण किंवा चुना असं काही लिहिलंय का बघा. बाबांना आणि आजी असेल तर आजीला टीबी, डांग्या खोकला, लहानपणचा न्यूमोनिया विचारून ठेवा, बाबांना आठवणार नाही. बेडका टीबीसाठीही तपासायला सांगा, जुना टीबी असेल तर नक्कीच. खोकल्यातून रक्त आलं तर थोडं असलं तरी दाखवा, कारण बिडीवाल्यात कॅन्सरही बघावा लागतो, आणि पोहे खायच्या चमच्याने दोन-तीन चमच्यांहून जास्त आलं तर सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.