उत्तर ३० की −३०? फेरतपासणीसाठी सरांना पत्र

प्रश्न: भौतिकशास्त्राच्या चाचणीत एक गणित होतं: २५ मीटर उंच मनोऱ्यावरून चेंडू २० मीटर/सेकंद वेगाने सरळ वर फेकला, g = १० m/s². (अ) तो जमिनीवर यायला किती वेळ लागेल? (ब) आदळताना त्याचा वेग किती असेल? माझं (अ) ५ सेकंद, ते बरोबर दिलंय. (ब) मी ३० लिहिलं. सरांना −३० हवं होतं म्हणून २ पैकी शून्य. मी सुरुवातीलाच 'खालची दिशा धन' असं लिहिलं होतं. मित्राचंही ३० आलंय, त्यालाही शून्य. उद्धट न वाटता फेरतपासणीचं पत्र कसं लिहू? दोघांनी मिळून दिलं तर चालेल का?

उत्तर:

तुझं उत्तर बरोबर आहे आणि पत्र जरूर दे. पण लिहायला बसण्याआधी सरांनी त्यावर फुली का मारली असेल, हे नीट समजून घे. पत्रात काय मांडायचं ते त्यावरच ठरतं. मी हाच विषय शिकवते आणि अशा गणिताचे पेपर तपासते, म्हणून तपासणाऱ्याच्या बाजूने आधी सांगते.

या गणितात +३० हा आकडा चुकीच्या वाटेनेही येतो. बरीच मुलं चिन्हांचा विचारच करत नाहीत, सगळ्या किमती धन धरतात: u = २०, a = १०, s = २५. म्हणजे चेंडू वर न फेकता खाली फेकल्यासारखं झालं. मग २५ = २०t + ५t² यातून t = १ सेकंद येतो आणि v = २० + १० × १ = ३०. वेळ साफ चुकलेला, पण वेगाचा आकडा तुझ्यासारखाच. आणखी काही मुलं v² = u² + 2as वापरतात. त्यात ४०० + ५०० = ९०० येतं आणि वर्गमूळ घेताना ती सवयीने धन किंमत लिहून मोकळी होतात. वरची दिशा धन धरलेली असेल तर तिथे −३० निवडायला हवं, ते राहून जातं.

त्यामुळे गठ्ठा तपासताना शेवटच्या ओळीत नुसतं ३० दिसलं की 'याने चिन्ह सोडलं' असंच आधी मनात येतं. तुझ्या बाबतीत तो अंदाज चुकला आहे. तो का चुकला, हे तुझ्याच उत्तरपत्रिकेतून दाखवून देणं एवढंच पत्राचं काम.

पुरावा (अ) मध्ये आहे. चिन्हं विसरलेल्या मुलाचा वेळ १ सेकंद येतो, तुझा ५ आला. u = −२०, a = +१०, s = +२५ असं घेतल्यावर २५ = −२०t + ५t², म्हणजे t² − ४t − ५ = ०, आणि त्यातून t = ५. सरांनी हे बरोबर दिलं आहे, म्हणजे तुझी चिन्हं एकमेकांशी जुळतात हे त्यांनी तपासलेलंच आहे. त्याच चिन्हांनी पुढे गेलं की v = −२० + ५० = +३०. खालची दिशा धन, म्हणून धन वेग म्हणजे खाली जाणारा वेग. सरांचं −३० आणि तुझं +३० यांत चेंडू एकाच दिशेने, एकाच चालीने जमिनीवर येतो आहे.

तरी दोन गोष्टी आधी पाहून घे, कारण त्यांवर तुझी बाजू टिकते किंवा पडते. पहिली, प्रश्नपत्रिकेत 'वरची दिशा धन माना' अशी सूचना कुठे आहे का? सूचना बहुतेक वेळा गणिताच्या आधी किंवा पानाच्या डोक्यावर असते आणि घाईत नजरेतून सुटते. ती असेल तर पत्र देऊ नकोस, तिथे −३० च हवं. दुसरी, (ब) साठी तू कोणतं सूत्र वापरलं आहेस? v = u + at असेल तर चिन्ह आपोआप येतं आणि तुझी बाजू भक्कम आहे. v² चं सूत्र असेल तर ±३० मधून धन का निवडलं याचा आधार फक्त तुझी ती 'खालची दिशा धन' ही ओळ आहे. तेव्हा पत्रात ती ओळ ठळकपणे दाखवावी लागेल. मी पहिलं सूत्र धरून मसुदा देते.

> दिनांक: …
>
> प्रति,
> माननीय सर (भौतिकशास्त्र)
>
> विषय: चाचणीतील प्र. … (ब) च्या उत्तराची फेरतपासणी करण्याबाबत
>
> सादर नमस्कार.
>
> मी … (इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक). तपासलेली उत्तरपत्रिका मिळाली. त्यातील एका उपप्रश्नाचे उत्तर आपण पुन्हा एकदा पाहावे, अशी नम्र विनंती आहे. इतर गुणांबद्दल माझे काही म्हणणे नाही.
>
> प्र. … (ब) मध्ये चेंडू जमिनीवर आदळतानाचा वेग मी ३० m/s असा लिहिला आहे. अपेक्षित उत्तर −३० m/s आहे. उत्तराच्या सुरुवातीला मी 'खालची दिशा धन' असे लिहून पुढील किमती घेतल्या आहेत:
>
> u = −२० m/s, a = +१० m/s², s = +२५ m
>
> याच किमतींवरून (अ) मध्ये t = ५ s आले असून ते आपण ग्राह्य धरले आहे. (ब) मध्ये तीच चिन्हे ठेवून मी पुढीलप्रमाणे उत्तर काढले:
>
> v = u + at = −२० + (१० × ५) = +३० m/s
>
> खालची दिशा धन मानल्यामुळे याचा अर्थ वेग खालच्या दिशेने ३० m/s असा होतो. वरची दिशा धन मानल्यास हाच वेग −३० m/s येतो. त्यामुळे दोन्ही उत्तरे एकच वेग दर्शवतात, असे मला वाटते.
>
> शेवटच्या ओळीत 'खालच्या दिशेने' हे शब्द मी लिहिलेले नाहीत, हे माझ्या लक्षात आले आहे. त्याबद्दल गुण कमी होणार असतील तर तो निर्णय मला मान्य आहे. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कृपया सांगावे. आपण सांगाल त्या वेळी मी भेटायला येईन.
>
> मूळ उत्तरपत्रिका सोबत जोडली आहे.
>
> आपला विद्यार्थी,
> …

या मसुद्यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. 'आपली तपासताना चूक झाली' असं कुठेही नाही. संकोच हे त्याचं एक कारण, पण त्याहून मोठं कारण असं की ते खरंही नाही. शेवटच्या ओळीत दिशा नव्हती, सरांनी समोर दिसलं ते तपासलं. त्यांना चूक म्हणून सुरुवात केलीस तर ते स्वतःचा बचाव करायला लागतील आणि चिन्हांचा मुद्दा बाजूला राहील. 'इतर गुणांबद्दल माझे काही म्हणणे नाही' हे वाक्यही काढू नकोस. फेरतपासणी म्हटलं की शिक्षकाला आधी भीती वाटते ती अख्खा पेपर पुन्हा उघडला जाण्याची. एका उपप्रश्नापुरतं मागणं असलं तर ते तिथल्या तिथे पाहून होतं.

दिशेचे शब्द राहिल्याची कबुली काहींना घातक वाटते. 'आपणच कशाला दाखवून द्यायचं?' असं मुलं मला विचारतात. मला ती ठेवावीशी वाटते, कारण सर ती ओळ पाहणारच आहेत. तुझ्या पत्रात ती आधीच असली की बाकीचं म्हणणंही ते विश्वासाने वाचतील. वेग ही सदिश राशी आहे, उत्तरात दिशा हवी, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे. तुला २ पैकी १ मिळाला तर तोही न्याय्य निकाल आहे असं मी म्हणेन. शून्य मात्र न्याय्य नाही, कारण सगळी रीत बरोबर आहे आणि दिशेचा संकेतही वर लिहिलेला आहे.

आता एक मोह टाळ. हे गणित चिन्हांशिवायही पडताळता येतं: चेंडू २ सेकंदांत आणखी २० मीटर वर जातो, तिथे क्षणभर थांबतो, मग ४५ मीटर खाली येतो, त्याला ३ सेकंद लागतात आणि खाली पोचताना चाल ३० असते. एकूण ५ सेकंद. पडताळा छान आहे, आणि पत्रात घालावासा वाटेलच. घालू नकोस. गुण मिळतात ते परीक्षेत लिहिलेल्या उत्तराला, घरी सुचलेल्या रीतीला नाही. पत्रात नवी रीत आली की 'हे तू पेपरात लिहिलं होतंस का?' हा प्रश्न येतो आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नसतं. सरांनी भेटायला बोलावलं आणि अजून शंका दाखवली, तर तोंडी सांग.

याच कारणासाठी परत मिळालेल्या उत्तरपत्रिकेवर पेनचा एकही ठिपका देऊ नकोस. 'खालच्या दिशेने' हे दोन शब्द आत्ता बारीक अक्षरात लिहिलेस तर शाई आणि अक्षराचा दाब वेगळा दिसतो, आणि मग तुझं खरं असलेलं म्हणणंही कुणी ऐकणार नाही. पानाचा फोटो काढून ठेव आणि पत्र वर्गात सगळ्यांसमोर न देता तास संपल्यावर किंवा शिक्षककक्षात दे. बोलताना 'सर, एका उत्तराच्या चिन्हाबद्दल लिहिलंय, वेळ मिळेल तेव्हा पाहाल का?' एवढं पुरे. तिथल्या तिथे निर्णय मागू नकोस, सरांना ते स्वस्थपणे वाचू दे. आठवडाभरात काही कळलं नाही तर एकदा आठवण करायला हरकत नाही.

मित्राबरोबर एकत्र पत्र देऊ नकोस. आधी त्याचं (अ) चं उत्तर बघ. तिथे १ सेकंद असेल तर त्याचं ३० मी वर सांगितलेल्या चुकीच्या वाटेने आलं आहे, त्याचं शून्य योग्य आहे, आणि एकाच पत्रात दोन्ही उत्तरं आली की तुझं उत्तरही सर त्याच नजरेने पाहतील. त्याचाही वेळ ५ आला असेल, तर त्याने कोणती दिशा धन धरली ते उत्तरपत्रिकेत शोधायला सांग. कुठे लिहिलेलं नसलं तरी u = −२०, a = +१० अशा किमती मांडलेल्या असतील तर त्यावरून संकेत कळतो, आणि मग त्याने स्वतःच्या उत्तरपत्रिकेतल्या ओळी देऊन स्वतंत्र पत्र द्यावं.