शाळेला पाठवायचं तक्रारपत्र आधी मराठीत लिहिताना

*प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा चौथीत आहे. वर्गातली दोन मुलं त्याला डब्यावरून आणि नावावरून सारखी चिडवतात. आता तो भाजी-पोळीचा डबा तसाच परत आणतो. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून मी मुख्याध्यापिकेला मराठीत पत्र लिहिलं आणि भाच्याने त्याचं इंग्रजी केलं. उत्तर आलं, "मुलांमध्ये असं होतं, आम्ही लक्ष ठेवू." पुढे काहीच नाही. दोन्ही पत्रं सोबत पाठवते. काय चुकलं?*

ताई, तुमची दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. मराठी पत्र वाचताना जीव कळवळला. इंग्रजी पत्रातून मात्र नेमकं काय घडलं ते मला कळेना, आणि शाळेलाही कळलं नसणार. भाच्याने भाषांतर प्रामाणिकपणे केलं आहे. अडचण मूळ पत्रातच आहे. आपण एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विनंती करतो, तसं ते लिहिलं गेलं आहे, आणि शाळेला चौकशी सुरू करायला तक्रार लागते.

न्यू जर्सीत यासाठी चांगला कडक कायदा आहे. २०११ पासून तो लागू आहे आणि शाळेतले लोक त्याला 'एच-आय-बी' म्हणतात, म्हणजे हरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग. वंश, रंग, धर्म, मूळ देश, अपंगत्व अशा एखाद्या वैशिष्ट्यावरून मुलाला त्रास दिला गेला आणि त्यामुळे त्याच्या शिकण्यात किंवा हक्कात मोठी बाधा आली, तर ते या कायद्यात बसतं. तक्रार आली की मुख्याध्यापकांनी शाळेच्या एका दिवसाच्या आत चौकशी सुरू करायची असते. लेखी तक्रारीपासून शाळेच्या १० दिवसांत ती संपवायची असते. चौकशी करणारी व्यक्तीही ठरलेली असते, तिला अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट म्हणतात. पण पत्रात वैशिष्ट्यही नाही, दिवसही नाही आणि परिणामही नाही, तर वाचणाऱ्याला ते मुलांचं आपापसातलं भांडण वाटतं.

आता तुमचं पत्र पाहू. तुम्ही लिहिलंत, "मुलं म्हणतात, तुझ्या अंगाला मसाल्याचा वास येतो." भाच्याने त्याचं सरळ इंग्रजी केलं. पण चिडवणारा मुलगा हे मराठीत बोललाच नव्हता! तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात खाली तुमच्या मुलाने सांगितलेले मूळ शब्द आहेत: "यू स्मेल लाइक करी, गो बॅक टु इंडिया." इंग्रजीतलं बोलणं मराठीत आलं, तिथून पुन्हा इंग्रजीत गेलं, आणि त्या फेऱ्यात 'इंडिया' गळून पडलं. त्याच एका शब्दामुळे हा त्रास मूळ देशावरून दिला जातो आहे हे सिद्ध होतं. म्हणून चिडवणाऱ्याचे शब्द मराठीत आणूच नका. मुलाने जसे सांगितले तसे, देवनागरीत का होईना, अवतरणात लिहा आणि भाच्याला सांगा की हे भाषांतरायचं नाही, फक्त रोमन लिपीत उतरवायचं आहे. शिवी असली तरी तशीच ठेवा. संकोच करू नका.

दुसरं वाक्य: "परवा बसमध्ये दप्तर ओढलं आणि हसले." मराठीत कर्ता गाळला तरी आपल्याला चालतं. इंग्रजीला कर्ता लागतोच, म्हणून भाच्याने 'दे' घातलं आणि सगळी बसच आरोपी झाली. 'परवा' म्हणजे कोणता दिवस, हेही पत्र चार दिवसांनी वाचणाऱ्याला कळत नाही. वार, तारीख आणि महिन्याचं नाव अक्षरात लिहा. नुसतं आकड्यांत ३/१० लिहिलंत तर अमेरिकेत तो १० मार्च होतो, आपल्याकडे ३ ऑक्टोबर.

तिसऱ्या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबले. "आमच्या मुलाचंही कदाचित चुकत असेल, तरी कृपया सांभाळून घ्यावे." हे आपलं सौजन्य आहे. आपल्या गावात कोणी त्याचा शब्दशः अर्थ घेणार नाही. इंग्रजीत गेल्यावर मात्र तो आईने दिलेला कबुलीजबाब ठरतो, आणि चौकशीत 'दोन्ही बाजूंची चूक' असं लिहायला शाळेला वाट मिळते. मुलाने उलट काही केलं असेल तर ते घटना म्हणून स्पष्ट सांगा. केलं नसेल तर हे वाक्य काढून टाका. 'मानसिक छळ' हा शब्दही काढा. त्याऐवजी काय बदललं ते सांगा: जेवत नाही, सकाळी पोट दुखतं म्हणतो, बसने जायला नको म्हणतो.

हे सगळं धरून मराठी पत्र असं होईल:

"माझा मुलगा चौथीत, अमुक बाईंच्या वर्गात आहे. मंगळवार, १० मार्च रोजी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या वर्गातला (मुलाचं नाव) त्याला म्हणाला, 'यू स्मेल लाइक करी, गो बॅक टु इंडिया.' शेजारी (दुसऱ्या मुलाचं नाव) बसला होता, तो हसला. गुरुवार, १२ मार्च रोजी दुपारी घरी येताना बसमध्ये याच दोघांनी त्याचं दप्तर ओढलं आणि त्याच्या नावाची चेष्टा केली. बसचालकाने पाहिलं की नाही, हे आम्हाला माहीत नाही. त्या दिवसापासून माझा मुलगा शाळेत डबा खात नाही. हा त्रास त्याच्या मूळ देशावरून होत आहे. ही एच-आय-बीची लेखी तक्रार समजून चौकशी करावी, आणि चौकशी चालू असताना जेवणाच्या वेळी व बसमध्ये त्याच्या सुरक्षिततेसाठी काय करणार ते कळवावं. बैठकीसाठी आम्हाला मराठी दुभाषी हवा आहे."

एवढं पुरे. जे मुलाने पाहिलं ते पाहिलं म्हणून, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून. भाषांतर झालं की भाच्याला ते इंग्रजी पत्र पुन्हा मराठीत तोंडी सांगायला लावा. मूळ पत्र त्याच्यासमोर ठेवू नका. कोण, कधी, कुठे, काय म्हणाला यातलं एक जरी हललं तरी ते वाक्य तिथेच दुरुस्त करा. हेच पत्र यंत्राकडून करून घेतलंत, तर 'तो' आणि 'ती' यांची अदलाबदल झाली नाही ना, हे आधी बघा.

दुभाषी मागायला लाजू नका. पालकांना इंग्रजी पुरेसं येत नसेल तर महत्त्वाची माहिती त्यांना समजेल अशा भाषेत, फुकट पोहोचवणं ही केंद्रीय नागरी हक्क कायद्याने शाळेवर टाकलेली जबाबदारी आहे. पण मुलालाच दुभाषी करून बसवू नका. स्वतःचा अपमान आईला समजावून सांगायची वेळ त्याच्यावर येऊ नये, असं मला फार वाटतं.

पत्र ईमेलने पाठवा, मराठी मूळ प्रत सोबत जोडा. राज्याने पालकांसाठी एच-आय-बी ३३८ नावाचा अर्जही काढला आहे, तो शाळा-जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात हाच मजकूर भरा. (इतर राज्यांत मुदती आणि अर्ज वेगळे आहेत. तिथे जिल्ह्याचं बुलिंगविषयीचं धोरण आधी वाचा.)

निकाल आल्यावर त्या मुलांना काय शिक्षा झाली, हे शाळा तुम्हाला सांगणार नाही. ती माहिती गोपनीय असते, त्यावरून वाद घालू नका. आरोप सिद्ध झाला का आणि काही कारवाई झाली का, एवढं लेखी कळतं, तेही निकाल शाळा-जिल्ह्याच्या शिक्षण मंडळापुढे गेल्यावर शाळेच्या ५ दिवसांत. तो निकाल पटला नाही तर तो मिळाल्यापासून ६० दिवसांत मंडळापुढे सुनावणी मागता येते. त्या अर्जालाही तुमच्या या पत्रातल्याच तारखा लागतील, म्हणून पाठवलेला ईमेल आणि आलेली उत्तरं जपून ठेवा.